एनडीएचं मराठी: कोणती माहिती आत, कोणती बाहेर?

*मी कोल्हापुरात इंग्रजी-मराठी अनुवाद करते. पुण्याची एक पंप बनवणारी कंपनी आणि शिरोलीतली एक फाउंड्री यांच्यात होणाऱ्या उभयपक्षी एनडीएचं, म्हणजे एकमेकांची माहिती गुप्त ठेवण्याच्या कराराचं, मराठी मी केलं. दोन्ही भाषांतल्या प्रतींवर सह्या होणार आहेत. फाउंड्रीचे मालक म्हणाले, ‘मला वाचून कळेल असं करा.’ म्हणून मी लांब वाक्यं तोडली, ‘डिस्क्लोजिंग पार्टी’ऐवजी सरळ ‘कंपनी’ आणि ‘रिसीव्हिंग पार्टी’ऐवजी ‘फाउंड्री’ लिहिलं, पुनरुक्ती काढली. कंपनीच्या वकिलांनी ‘व्याख्या आणि अपवाद मुळाशी जुळत नाहीत’ एवढाच शेरा मारून मसुदा परत पाठवला. आता शब्दाला शब्द ठेवून पुन्हा करू का? मग मालकांना ते कळणार नाही. अचूक आणि सुबोध यातलं काय निवडू?*

*— एक अनुवादक, कोल्हापूर*

शब्दाला शब्द ठेवलात तर वकिलांचा शेरा जाईल, असं मला वाटत नाही. मसुदा सोपा केल्यामुळे बिघडला, असं तुम्ही धरून चालला आहात. वाक्य तोडल्याने करार बिघडत नाही. तोडताना एखादी अट गळून पडते किंवा शेजारच्या वाक्याला जाऊन चिकटते, तेव्हा तो बिघडतो. हे शब्दशः अनुवादातही सर्रास होतं, फक्त तिथे वाक्यच कळत नसल्यामुळे चूक लक्षात येत नाही.

व्याख्या आणि अपवाद मिळून एकच काम करतात. या दोघांमध्ये जी काही माहिती जाईल, त्यातली कोणती बंधनाच्या आत आणि कोणती बाहेर, हे ते ठरवतात. इंग्रजी प्रतीनुसार आत असलेली प्रत्येक गोष्ट मराठी प्रतीनुसारही आत असेल आणि बाहेरची बाहेर, तर दोन्ही मजकूर समतुल्य आहेत. मग वाक्यं चार असोत की नऊ. त्यामुळे मसुदा पुन्हा हातात घेण्याआधी मालकांशी तासभर बोला आणि दोन्ही बाजूंनी प्रत्यक्षात काय-काय दिलं-घेतलं जाणार आहे, त्यातले दहाएक नमुने लिहून घ्या. कंपनीकडून पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग, मिश्रधातूचे प्रमाण, पुढच्या वर्षीच्या मागणीचा अंदाज. फाउंड्रीकडून ओतकामाच्या साच्यातल्या रायझर आणि गेटिंगची रचना, वाळूचं मिश्रण, रिजेक्शनचे आकडे, खर्चाचा तक्ता. हे नमुने हाताशी असले की एकेक शब्द तपासता येतो.

आपल्याकडे यात शब्दांवर जास्त भार येतो, कारण व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. तो करावा अशी शिफारस विधी आयोगाने मार्च 2024 मधल्या 289 व्या अहवालात केली. करारापलीकडे न्यायालयं विश्वासभंगाच्या तत्त्वावर दाद देतात. चारा उगवणाऱ्या युनिटची ड्रॉइंग्ज थर्मल पॅनेल पुरवणाऱ्याला दिली आणि त्याने स्वतःच तसं यंत्र काढलं, अशा प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 1987 मध्ये मनाईहुकूम दिला होता. पण लेखी करार केला असेल, तर दोन्ही बाजूंचे वकील आधी त्यातल्या ओळीच वाचणार.

आता तुमचा मसुदा. सगळ्यात मोठा बदल तुम्हाला किरकोळ वाटला, तो म्हणजे ‘कंपनी’ आणि ‘फाउंड्री’. उभयपक्षी एनडीएत माहिती देणारा आणि माहिती घेणारा या भूमिका असतात, माणसं नव्हेत. ड्रॉइंग आलं तेव्हा कंपनी देणारी आणि फाउंड्री घेणारी. फाउंड्रीने गेटिंगची रचना दाखवली की भूमिका उलटतात. तुमच्या मराठीत मात्र देणारी कायम कंपनी आणि बांधली गेलेली कायम फाउंड्री. म्हणजे मालकांच्या हातातल्या प्रतीनुसार त्यांचं वाळूचं मिश्रण कंपनीने दुसऱ्या फाउंड्रीला सांगितलं तरी करार मोडत नाही. उभयपक्षी करार एकतर्फी झाला, आणि तोही तुमच्या वाचकाच्याच विरोधात. ‘माहिती देणारा पक्ष’ आणि ‘माहिती घेणारा पक्ष’ हे शब्द मालकांना सहज कळतील. सुरुवातीला एकच ओळ घाला: ‘दोन्हींपैकी जो पक्ष ज्या वेळी माहिती देतो, तो त्या माहितीपुरता देणारा पक्ष.’ ही ओळ मूळ इंग्रजीत त्याच अर्थाने आहे का तेवढं पाहा, नसेल तर वकिलांना विचारून घाला.

पुनरुक्ती काढली म्हणता, तिथेही थांबा. इंग्रजी मसुद्यात व्याख्या केलेला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे साधी गोपनीय माहिती आणि करारातली ‘गोपनीय माहिती’ यांतला फरक डोळ्यांना दिसतो. देवनागरीत ती सोय नाही. त्यातून आपण शाळेपासून शिकलेलो असतो की एकच शब्द पुन्हा-पुन्हा नको, म्हणून कुठे ‘गुप्त बाबी’, कुठे ‘खासगी तपशील’ लिहून जातो. करारात शब्द बदलला की वाचणारा विचारतो, ही वेगळी गोष्ट आहे का? व्याख्या केलेला शब्द ठळक टाइपात ठेवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. कंटाळवाणं वाटेल, वाटू द्या.

व्याख्येच्या वाक्यात दोन जागा नीट पाहाव्या लागतात. पहिली, उदाहरणांची यादी. इंग्रजीत यादीआधी ‘यात येतात, पण एवढंच नव्हे’ अशा अर्थाचा तुकडा असतो आणि तो टाळता येण्यासारखा वाटतो. पण मराठीत ‘गोपनीय माहिती म्हणजे ड्रॉइंग, तांत्रिक तपशील, किंमती व ग्राहकांची नावं’ असं लिहिलं की यादी बंद झाली. रिजेक्शनचे आकडे यात कुठे बसतात? बसत नाहीत, म्हणजे बाहेर. ‘उदाहरणार्थ’ने थोडं भागतं, पण मी ‘यात पुढील माहिती येते, मात्र व्याख्या एवढ्यापुरती मर्यादित नाही’ असं पूर्ण लिहीन.

दुसरी जागा म्हणजे खूण. साधारण मसुदा सांगतो की ज्या माहितीवर ‘गोपनीय’ असं लिहिलं आहे किंवा जी, तिचं स्वरूप आणि ती दिली गेली ती परिस्थिती पाहता, गोपनीय असल्याचं वाजवी माणसाला समजायला हवं, ती गोपनीय. इथला ‘किंवा’ लिहिण्याच्या ओघात ‘व’ झाला, तर दोन्ही अटी एकदम पुऱ्या कराव्या लागतात. मग कंपनीचे इंजिनिअर शॉपफ्लोअरवर आले, मालकांनी उभ्या-उभ्या रायझर कुठे आणि का ठेवला ते सांगितलं, तर ते बाहेर पडलं, कारण बोलण्यावर शिक्का कोण मारतो? काही करारांत तोंडी माहिती ठरावीक दिवसांत, बहुधा 30, लेखी कळवायची अट असते. ती मुळात असेल तरच घाला, आणि दिवस कशापासून मोजायचे तेही जसंच्या तसं. ‘समजायला हवं’चं ‘समजतं’ करू नका. ‘समजतं’ म्हटलं की घेणारा म्हणेल, मला नाही समजलं. ‘समजायला हवं’मध्ये त्याच्या मनात काय होतं हा प्रश्नच उरत नाही.

अपवादांकडे मी जास्त वेळ देईन, कारण तिथे मराठी वाक्यरचनाच दगा देते. आपल्याकडे विशेषणं नामाच्या आधी येतात, आणि चार-पाच विशेषणं एकापुढे एक लागली की कोणतं कशाला लागतंय ते हरवतं. म्हणून प्रत्येक अपवाद दोन वाक्यांत लिहा. पहिल्यात माहिती कोणती ते आणि दुसऱ्यात ‘मात्र’ने अट.

पहिला अपवाद सार्वजनिक माहितीचा. इंग्रजीत तिथे ‘आहे किंवा नंतर होते’ असे दोन्ही काळ असतात. ‘आधीच सर्वांना ठाऊक असलेली माहिती’ असं भाषांतर मी बऱ्याच मसुद्यांत पाहिलं आहे. त्यात दोन गोष्टी बदलल्या. समजा कंपनीने पंपाच्या नव्या भागासाठी पेटंटचा अर्ज केला आहे. भारतात असा अर्ज साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध झाला की त्यातलं वर्णन जनतेला उपलब्ध झालं, मग कोल्हापुरात कुणी ते वाचलेलं नसलं तरी. ‘उपलब्ध’ असा शब्द असेल तर माहिती बाहेर पडते, ‘ठाऊक’ असेल तर आतच राहते. आणि ‘आधीच’ लिहिलं असेल तर नंतरची प्रसिद्धी मोजलीच जात नाही. मूळ मसुदा ‘उपलब्ध’ म्हणतो की ‘ज्ञात’, ते पाहा आणि तेच ठेवा. मग ‘मात्र’: ‘मात्र माहिती घेणाऱ्या पक्षाने हा करार मोडल्यामुळे ती उपलब्ध झालेली नसावी.’ ही अट गळली तर फाउंड्री केसिंगचे फोटो स्वतःच्या वेबसाइटवर टाकेल आणि म्हणेल, आता सार्वजनिक झालं. मुळात ‘करारभंगामुळे’ असेल तर ‘चुकीमुळे’ लिहू नका; एखाद्या कामगाराच्या निष्काळजीपणात चूक आहे, पण तो करारभंग ठरेलच असं नाही.

मला सगळ्यात फसवा वाटतो तो त्रयस्थाचा अपवाद. एनडीएत त्याचे दोन प्रकार सापडतात आणि मराठीत ते जुळ्या भावांसारखे दिसतात. एक: ‘गोपनीयतेचं बंधन नसलेल्या त्रयस्थाकडून मिळालेली माहिती’. दुसरा: ‘त्रयस्थाकडून गोपनीयतेचं बंधन न घालता मिळालेली माहिती’. पहिल्यात बंधन आहे की नाही ते त्रयस्थाचं बघायचं, दुसऱ्यात त्याने घेणाऱ्यावर काही बंधन घातलं का ते. आता नमुना घ्या. त्याच कंपनीचं मशिनिंग करणारं शेजारचं एक वर्कशॉप आहे. त्यांचाही कंपनीशी एनडीए आहे. तिथला सुपरवायझर चहा पिता-पिता फाउंड्रीच्या माणसाला नव्या केसिंगची जाडी आणि टॉलरन्स सांगून टाकतो. त्याने ‘कुणाला सांगू नका’ असं काही म्हटलं नाही. पहिल्या वाक्यानुसार वर्कशॉपवर बंधन होतं, म्हणून अपवाद लागू नाही आणि माहिती आतच. दुसऱ्या वाक्यानुसार देताना अट घातली नाही, म्हणून माहिती बाहेर आणि फाउंड्री मोकळी. एकाच चहाचे दोन निकाल.

त्यावर तिसरा पदर असतो. काही मसुद्यांत ‘घेणाऱ्या पक्षाला माहीत असल्याप्रमाणे’ असा तुकडा असतो, म्हणजे त्रयस्थावर बंधन आहे हे फाउंड्रीला माहीत नव्हतं तर तिला दोष नाही. तो भरताड वाटून तुम्ही काढला असेल, तर जोखीम गुपचूप फाउंड्रीच्या गळ्यात गेली. इथे वाक्य सोपं करायचं तर असं: ‘त्रयस्थाकडून मिळालेली माहिती. मात्र ती उघड न करण्याचं बंधन त्या त्रयस्थावर आहे, हे घेणाऱ्या पक्षाला ती मिळाली तेव्हा माहीत नसावं.’ मालकांना हे एका वाचनात कळेल, आणि मुळातली एकही अट सुटलेली नाही.

स्वतंत्रपणे विकसित केलेल्या माहितीबद्दल थोडक्यात. ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द एकटा सोडू नका. इंग्रजीत त्यापुढे देणाऱ्याची माहिती न वापरता आणि तिचा आधार न घेता, असं लिहिलेलं असतं. फाउंड्रीच्या पॅटर्न विभागाने ड्रॉइंग समोर ठेवून ‘स्वतःच्या डोक्याने’ केलेली सुधारणाही नुसत्या ‘स्वतंत्रपणे’त बसते, असं कुणीही म्हणू शकेल.

या अपवादांपैकी कुठलाही एक लागू झाला की पुरे असतं, म्हणून त्यांच्या मधला दुवा ‘किंवा’. यादीच्या आधी ‘पुढीलपैकी कोणत्याही एका प्रकारात मोडणारी माहिती’ असं लिहिलंत, तर शेवटच्या ओळीआधीच्या ‘आणि’ची भीती उरत नाही.

याच यादीच्या शेपटाला बहुतेक मसुद्यांत ‘लेखी नोंदींवरून सिद्ध होईल अशी’ अशा अर्थाचे शब्द असतात. ते फक्त शेवटच्या अपवादाला लागू की सगळ्यांना, हे इंग्रजीत संदिग्ध राहू शकतं, कारण तिथे ते शेवटी लोंबकळत राहतात. मराठीत ते कुठे ठेवायचे हे तुम्हाला ठरवावंच लागतं, आणि ठरवलं की अर्थ पक्का होतो. मनाने ठरवू नका. फाउंड्रीला कंपनीच्या आधीपासून एखादी पद्धत माहीत होती, पण ती मिस्त्रींच्या हातात होती, कागदावर नव्हती, तर या एका निर्णयावर सगळं अवलंबून आहे. वकिलांना दोन्ही वाचनं लिहून पाठवा आणि एकावर बोट ठेवायला सांगा.

आता एक गोष्ट, जी तुमच्या मसुद्यात पाचवा अपवाद म्हणून आली असण्याची मला दाट शंका आहे: न्यायालयाच्या किंवा सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशावरून द्यावी लागणारी माहिती. नीट केलेल्या मसुद्यात ती अपवादांच्या यादीत नसते, वेगळ्या पोटकलमात असते. कारण ती माहिती गोपनीयच राहते, फक्त त्या अधिकाऱ्याला, तेवढ्यापुरती देण्याची मुभा मिळते, आणि शक्य असेल तर आधी दुसऱ्या पक्षाला कळवायचं असतं. समजा जीएसटी अधिकाऱ्याने लेखी आदेशाने खर्चाचा तक्ता मागितला आणि फाउंड्रीने दिला. ते पोटकलम ‘पुढील माहिती गोपनीय माहितीत मोडत नाही’ या शीर्षकाखाली गेलं असेल, तर तो तक्ता त्या दिवसापासून कुणालाही द्यायला मोकळा. कमी कलमं केली की वाचायला सोपं होतं हे खरं, पण कलमांचे क्रमांक दोन्ही प्रतींत जसेच्या तसे राहू द्या. ‘4.2’ म्हटल्यावर दोन्हीकडे एकच गोष्ट सापडली पाहिजे.

तपासणीसाठी अनेक जण मराठीचा पुन्हा इंग्रजीत उलट अनुवाद करून घेतात. एनडीएच्या बाबतीत मी त्यावर फार विसंबणार नाही. ज्यांनी असे करार अनेकदा वाचले आहेत, त्यांना त्रयस्थाचं कलम पाठ असतं. तुमच्या मराठीत अट गळलेली असली तरी ते सवयीने नेहमीचं इंग्रजी लिहून देतात आणि तुम्हाला वाटतं, सगळं जुळलं. त्याऐवजी मराठी प्रत अशा माणसाला द्या, ज्याने इंग्रजी पाहिलेली नाही आणि एनडीएही कधी केलेला नाही. फाउंड्रीचे हिशेबनीस चालतील. तुमचे दहा नमुने त्यांच्यापुढे ठेवा आणि प्रत्येकाला आत की बाहेर, एवढंच विचारा, सोबत कोणत्या ओळीवरून ठरवलं तेही. तेच नमुने इंग्रजी प्रतीवरून वकिलांनी ठरवावेत. जिथे उत्तरं वेगळी येतील, तिथलं वाक्य पुन्हा बांधायचं. दहांपैकी चहाचा आणि रायझरचा नमुना नक्की घाला, तेच बहुधा चुकतात. ज्या नमुन्यावर हिशेबनीस ‘सांगता येत नाही’ म्हणतील तोही फरकच समजा, भले वकिलांना उत्तर सहज सुचलेलं असो.

शेवटी सह्यांचा प्रश्न. दोन्ही प्रतींवर सह्या होणार म्हणता, पण मतभेद झाला तर कोणती प्रत मानायची, हे करारात लिहिलं आहे का? उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीतून चालतं, खालच्या न्यायालयांत मुख्यतः मराठीतून. त्यामुळे वाद कुठे उभा राहतो त्यावर कोणती प्रत पुढे केली जाईल ते बदलू शकतं. इंग्रजी प्रत निर्णायक असेल तर मालकांना ते सह्या करण्याआधी मराठीत, ठळकपणे कळलं पाहिजे, कारण ते मराठी वाचूनच सही करणार आहेत. दोन्ही प्रती समान मानल्या आणि त्रयस्थाचं कलम वेगवेगळं निघालं, तर त्या कलमाला निश्चित अर्थच नाही असा युक्तिवाद करायला वाट मोकळी होते. अर्थ निश्चित नसलेला आणि करताही न येणारा करार 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 29 खाली शून्य ठरतो. कोणती प्रत मानायची हे सांगणारं कलम लिहिणं तुमचं काम नाही, ते वकिलांचं. पण नसेल तर विचारणं तुमचं आहे.

वकिलांना सुधारलेल्या मसुद्यासोबत नुसतं ‘दुरुस्त केलं आहे’ असं कळवू नका. त्यांचा शेरा एका ओळीचा होता, कारण त्यांना बहुधा मराठीत कुठे बिघडलं ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. दोन स्तंभांत व्याख्या आणि अपवाद समोरासमोर मांडा, तिसऱ्या स्तंभात नमुने आणि त्यांची उत्तरं, आणि खाली तुमचे दोन प्रश्न: लेखी नोंदींची अट कुठवर लागू, आणि त्रयस्थाचं बंधन कोणाचं. त्यांचं उत्तर आलं की त्रयस्थाचं वाक्य मालकांना मोठ्याने वाचून दाखवा आणि वर्कशॉपच्या सुपरवायझरचं काय, एवढंच विचारा.